पासबुकातले आपले किती

आमच्या संस्थेचे चेअरमन काळूरामभाऊ यांचा जगात दोनच गोष्टींवर विश्वास होता. एक गावदेवी आणि दुसरं बँकेचं पासबुक. मी लिहिते त्या कॅशबुकावर त्यांचा राग नव्हता, पण ती त्यांच्या लेखी बायकांनी काढलेली रांगोळी होती. दिसायला छान, उद्या पुसायची.

संस्था म्हणजे दापोड्याच्या टेम्पोवाल्यांची सहकारी संस्था. भिवंडीतल्या लूमवरचा कोरा कपडा मुंबईला पोचवणारे साठ-सत्तर टेम्पो, त्यांचे मालक सभासद. हेच मालक स्वतः ड्रायव्हर, आणि बहुतेक सगळे एकमेकांचे मेहुणे. १९९३ सालीही मी तिथेच हिशोब लिहीत होते. राहायला भिवंडी गावात, रोज शेअर रिक्षाने दापोड्याला. गोडाऊनच्या कडेला पत्र्याची खोली, एक कपाट, एक पंखा आणि गावदेवीचा फोटो, एवढं आमचं ऑफिस. पगार विचारू नका. पण काम मला आवडत असे, आणि माणसंही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्यांच्यावर बरंच तोंडसुख घेणार आहे.

दर महिनाअखेर मी बँक जुळवणी पत्रक करत असे. कॅशबुकात बँकेची शिल्लक एक दिसते आणि पासबुकात दुसरी. का, ते त्या कागदावर मांडायचं. यात चोरी नसते, जादूही नसते. आपण चेक लिहिला की आपल्या वहीत पैसे त्याच दिवशी कमी होतात, पण बँकेला ते कळतं ज्याला चेक दिला तो भरेल तेव्हा. आपल्याकडे आलेला चेक आपण बँकेत टाकला की वहीत लगेच जमा, बँक मात्र तो वटल्यावर जमा करते. बँक आपले चार्जेस गुपचूप कापते आणि आपल्याला पासबुक भरून आणल्यावर समजतं. कुणी परस्पर खात्यात पैसे भरले तर तेही तसंच. दोन्ही वह्या खऱ्या, फक्त एकीला दुसरीची बातमी उशिरा लागते. हे मी काळूरामभाऊंना किती वेळा समजावलं असेल! पालथ्या घड्यावर पाणी.

ते म्हणत, "बाय, बँकेची मशीन खोटी बोलत न्हाय. तुजी वही मानूस लिवतंय."

वर हसत. त्यांचं हसू इतकं निर्मळ होतं की पुढे भांडताच येत नसे.

फेब्रुवारीत आमचा चिंधू गेला. मानकोलीच्या नाक्याजवळ रस्त्याच्या कडेला टेम्पोचं पंक्चर झालेलं चाक बदलत होता. मागून आलेला ट्रक त्याला घेऊन गेला आणि टेम्पोला साधा ओरखडाही आला नाही. टेम्पो दीड वर्षाचा, फायनान्सवर घेतलेला. घरी बायको कमळा, म्हातारी आई गोदूबाई, दोन लहान पोरी. धाकटा भाऊ चांगदेव दुसऱ्याची गाडी चालवायचा, तो म्हणाला, मी दादाचा टेम्पो चालवतो, घर त्यावर चालेल. पण चिंधूचे हप्ते थकलेले होते. फायनान्सवाल्याने माणुसकी म्हणून मार्चच्या दहा तारखेपर्यंत मुदत दिली. तोवर पंधरा हजार भरा, नाहीतर गाडी ओढून नेतो. त्याची माणुसकी तेवढीच होती, आणि तो ती आधी सांगून मोकळा झाला.

संस्थेचा एक मदत निधी होता. सभासद गेला तर घरच्यांना पंधरा हजार. कमिटी बसली, ठराव झाला, आणि कमळेच्या सांगण्यावरून चेक थेट फायनान्सवाल्याच्या नावाने काढायचं ठरलं. मी त्याच दिवशी चेक लिहिला. चेअरमन म्हणून काळूरामभाऊंनी आणि खजिनदार म्हणून बाळारामने सही केली. मी कॅशबुकात नोंद केली, शिल्लक पंधरा हजारांनी उतरली.

पण चेक दिला नाही. आमच्याकडे रीत अशी की सुतकातल्या घरात संस्थेचा पैसा द्यायचा नाही. तेराव्याला गोड जेवण झालं की मग सगळ्यांसमोर हातात द्यायचा. तेरावा चार मार्चला येत होता, मुदत दहाची, म्हणजे घाई नव्हती. चेक पाकिटात घालून मी कपाटात गावदेवीच्या फोटोमागे ठेवला.

फेब्रुवारी संपला तसं मी पत्रक केलं. ते मला आजही पाठ आहे. विसरायचा प्रयत्न करून पाहिला, नाही जमलं.

कॅशबुकाप्रमाणे शिल्लक सहा हजार दोनशे चाळीस. तिच्यात मिळवायचे, लिहून झालेले पण बँकेत न गेलेले चेक: चिंधूच्या मदतीचे पंधरा हजार आणि डिझेल पंपाचे अठराशे साठ. मिळवायचे, एका व्यापाऱ्याने परस्पर खात्यात भरलेले अडीच हजार, ज्यांची नोंद माझ्याकडे नव्हती. वजा करायचे, आपण बँकेत भरलेला पण अजून न वटलेला मुंबईच्या व्यापाऱ्याचा सात हजारांचा चेक. वजा करायचे, बँकेने कापलेले साठ रुपये. आली पासबुकाची शिल्लक, अठरा हजार पाचशे चाळीस. पैशाला पैसा जुळला. मग अडीच हजार आणि साठ रुपयांच्या नोंदी मी कॅशबुकात करून टाकल्या, कारण ते खरेच आलेले आणि गेलेले होते. आमची स्वतःची शिल्लक झाली आठ हजार सहाशे ऐंशी. खर्च करायला हक्काचे एवढेच, आणि तेही मुंबईचा चेक वटला तर.

पत्रक पासबुकाला टाचणी लावून मी काळूरामभाऊंपुढे ठेवलं. त्यांनी टाचणी काढली, पत्रक बाजूला केलं आणि पासबुक वाचलं. मी म्हटलं, भाऊ, यातले पंधरा हजार चिंधूचे आहेत. ते म्हणाले, माहिती आहे, त्याचे आपण दिलेत ना. मी म्हटलं, लिहिलेत, अजून गेले नाहीत. त्यांनी मान हलवली. ती मान होकाराची होती असं मला वाटलं. तेवढ्यात बाहेर कुणाच्या तरी टेम्पोची बॅटरी उतरली आणि ते धक्का मारायला धावले.

दोन आणि तीन मार्चला मी ठाण्याला होते. सहकार खात्यात ऑडिटची कागदपत्रं द्यायची होती. एका खिडकीवर एक दिवस गेला, दुसऱ्या खिडकीवर दुसरा. चार तारखेला दुपारी परस्पर दापोड्याला पोचले तर चिंधूच्या घरासमोर हा मोठा मांडव. आचारी, भांडी, शे-दीडशे पानं वाढलेली, बुंदीचे लाडू. सगळा गाव जेवत होता. मला बरं वाटलं. मी कमळेजवळ जाऊन बसले, लाडू खाल्ला. म्हातारी गोदूबाई सगळ्यांना सांगत होती, माझ्या पोराचं संस्थेनं सोनं केलं.

"संस्थेनं" हा शब्द मी ऐकला. पण लाडू तोंडात असताना माणसाला शंका येत नाही.

जेवणं झाल्यावर काळूरामभाऊंनी पाकीट कमळेच्या हातात दिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते पाणी खरं होतं. फायनान्सवाल्याचा माणूस संध्याकाळी येऊन चेक घेऊनही गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चेकबुक उघडलं तेव्हा एक चेक फाडलेला. शिल्लक राहिलेल्या तुकड्यावर काळूरामभाऊंच्या मोठ्या अक्षरात लिहिलेलं: मांडव आणि आचारी, साडेनऊ हजार. बाळाराम सुरतेच्या फेऱ्या करायचा, आठ-आठ दिवस गावात नसायचा, म्हणून दोन-चार कोऱ्या चेकांवर सह्या करून ठेवायचा. ही सवय मोडा म्हणून मी वर्षभर सांगत होते. आचाऱ्याने तो चेक तीन तारखेलाच वटवला होता.

काळूरामभाऊ आले तसं मी विचारलं, हे काय केलंत? ते शांतपणे खुर्चीत बसले. त्यांना वाटलं, मी परवानगीचं विचारतेय.

"चिंधूचे पंदरा हजार तुज्या वहीत कापलेले मी बगितले," ते म्हणाले. "मंग बँकेत जे उरले, आठरा हजार, ते आपले. चिंधू आपला मानूस. त्याच्या तेराव्याला गाव जेवला पायजे, असा माज्या मनात आला."

चूक अशी सरळ होती की रागावायला जागा सापडेना. वहीत कापले म्हणजे बँकेतही कापले गेले, असं या माणसाला वाटलं. वहीत वाचलेलं बँकेच्या शिलकीला जोडलं आणि तेच पंधरा हजार दुसऱ्यांदा मोजले. ज्या वहीवर आयुष्यात विश्वास ठेवला नाही, तिच्यावर त्याने एकदाच ठेवला, आणि तोही नको तिथे.

मी कागद ओढला आणि त्यांच्यासमोर परत मांडणी केली. आपले आठ हजार सहाशे ऐंशी. त्यातून गेले साडेनऊ हजार. म्हणजे आठशे वीस रुपये आपण दुसऱ्याचे खाल्ले. काळूरामभाऊंचा चेहरा उतरला आणि लगेच सावरला. आठशे वीसच ना? त्यांनी खिसा रिकामा केला, नाक्यावर उभ्या असलेल्या चार ड्रायव्हरांकडून घेतले आणि हजार रुपये माझ्या टेबलावर ठेवले. मी तशीच रिक्षाने बँकेत गेले आणि रोख भरले.

बँकेतला कारकून शरच्चंद्र माझ्या माहेरच्या आळीतला. त्याच्यासमोर मी पुन्हा हिशोब केला. पंपाचा चेक सकाळीच वटून गेला होता. खात्यात आता आठ हजार एकशे ऐंशी. मुंबईचे सात हजार आले की पंधरा हजार एकशे ऐंशी. चिंधूचा चेक पास होऊन वर एकशे ऐंशी उरणार. शरच्चंद्र म्हणाला, मुंबईचा चेक आज-उद्या कळेल. मी विचारलं, आणि नाही आला तर? त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, येईल गं, नेहमी येतो. त्याला तरी दुसरं काय बोलता येणार होतं.

खरं सांगायचं तर पत्रकात "भरला पण न वटलेला" ही ओळ सगळ्यात फसवी. वहीत ते पैसे आपले असतात, आपण ते मोजून बसतो, आणि बँकेच्या दृष्टीने ते अजून कुठेच नसतात. मी वर्षानुवर्षं ती ओळ लिहिली होती. त्या दिवशी पहिल्यांदा मी गावदेवीला नवस बोलले, चेक वटू दे म्हणून. काळूरामभाऊंना कळलं असतं तर खूश झाले असते.

मुंबईचा चेक परत आला. व्यापाऱ्याच्या खात्यात पैसे नव्हते. आणि त्याच दिवशी क्लिअरिंगमध्ये फायनान्सवाल्याकडून आमचा पंधरा हजारांचा चेक आला होता. खात्यात आठ हजार एकशे ऐंशी. मॅनेजरने तो तसाच परत पाठवला. शरच्चंद्र म्हणाला, मी दुपारपर्यंत थांबवून धरला होता, तुला कुणाच्या हाती निरोप देऊ ते सुचेना. दापोड्याच्या आमच्या खोलीत फोन नव्हता. मला हे कळलं दुसऱ्या दिवशी, पासबुक भरायला गेले तेव्हा.

मी दापोड्याला परतले तेव्हा फायनान्सवाल्याची माणसं चिंधूच्या दारात होती. हातात परत आलेला चेक. चांगदेव त्यांच्या पाया पडत होता. दहा तारीख अजून आली नव्हती, हे मी सांगितलं. त्यांच्यातला एक सभ्यपणे म्हणाला, ताई, मुदत पैशांसाठी होती, परत येणाऱ्या चेकसाठी नाही. आता सगळं कर्ज एकदम भरा, चाळीस हजार. पंधरा हजारांसाठी जिथे चेक परत आला तिथे चाळीस कुठून येणार. त्यांनी टेम्पोची किल्ली मागितली. कमळा आत गेली, देव्हाऱ्यातून किल्ली आणली आणि स्वतःच्या हाताने दिली. रडली नाही. टेम्पो निघाला तेव्हा त्याच्या मागच्या फळीला तेराव्याच्या मांडवातली झेंडूची माळ अजून तशीच होती.

काळूरामभाऊंनी त्या आठवड्यात बायकोच्या पाटल्या मोडल्या आणि साडेनऊ हजार संस्थेत भरले. वरातीमागून घोडं. चार सभासदांना घेऊन ते फायनान्सच्या ऑफिसात दोनदा गेले, पण गाडी तोवर दुसऱ्याला दिली होती. चांगदेव पुन्हा दुसऱ्याच्या टेम्पोवर लागला. कमळा पोरींना आणि सासूला घेऊन पूर्ण्याला तिच्या आईकडे गेली आणि एका लूमवर सुताच्या कांड्या भरायच्या कामाला लागली.

माझ्या वहीत मला सगळं उलटं लिहावं लागलं. मुंबईचे सात हजार जमा केले होते, ते परत खर्ची. चिंधूचे पंधरा हजार खर्ची टाकले होते, ते परत जमा. कारण चेक परत आला म्हणजे संस्थेने ते दिलेच नाहीत. हिशोबात मदत अजून द्यायचीच होती. ठरावही तसाच उभा होता. मग या वेळी चेक कमळेच्या नावाने काढला आणि आम्ही दोघं, मी आणि काळूरामभाऊ, पूर्ण्याला गेलो.

ती कामावरून नुकतीच आली होती. केसांत कापसाचे तंतू होते. तिने आम्हाला पाणी दिलं. काळूरामभाऊंनी पाकीट पुढे केलं. कमळेने पाकीट घेतलं, उघडून बघितलं, आणि मग त्यांच्याकडे पाहत म्हणाली,

"भाऊ, माजा टेम्पो गावानी बुंदीबरोबर खाल्ला. मीबी खाल्ला. त्याचा पैसा आता पोटात जानार न्हाय."

आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. पाकीट तिने मागे टेम्पोच्या जुन्या कागदांबरोबर पत्र्याच्या पेटीत ठेवलं. फाडलं नाही, परत केलं नाही. परत केलं असतं तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

तिने तो चेक भरलाच नाही. एप्रिलच्या पत्रकात मी लिहिलं, लिहिलेला पण बँकेत न गेलेला चेक, कमळा चिंधू, पंधरा हजार. मे महिन्यातही तेच. जूनमध्येही. सहा महिने झाले की चेक शिळा होतो, बँक तो घेत नाही. तसा झाला तेव्हा मी ती नोंद फिरवली, आणि कमिटीने नवा चेक काढायचा ठराव केला. काळूरामभाऊ एकटेच पूर्ण्याला जाऊन देऊन आले. तिने तोही पेटीत ठेवला. पुढच्या सहा महिन्यांनी तिसरा. ऑडिटर दर वर्षी विचारतो, ही काय भानगड आहे, आणि मी दर वर्षी सांगते, चेक दिलेला आहे, भरलेला नाही. तो पत्रकावर टिक मारतो. हिशोबात काहीच चूक नाही.

काळूरामभाऊ बदलले, एवढं मात्र झालं. पण त्या बदलाचा आनंद कुणाला? संस्थेत कुणी नव्या पंख्याचं काढलं, कुणी गणपतीच्या वर्गणीचं काढलं, तर ते आधी माझ्याकडे बघतात. पासबुक भरून आणतात, टेबलावर ठेवतात, आणि पूर्वीसारखं उघडून वाचत नाहीत. टाचणी लावलेलं पत्रक आधी हातात घेतात, त्यातली कमळेच्या चेकची ओळ बोटाने शोधतात आणि बोट तिथेच ठेवून विचारतात,

"बाय, यातले आपले किती?"

मी आकडा सांगते. ते मान हलवतात. बोट मात्र त्या ओळीवरून लवकर उचलत नाहीत.